उरलेला भात आणि घड्याळ
(संस्थेच्या वार्षिक संमेलनात जळकोट येथे पालक व विद्यार्थी यांच्यासमोर केलेले भाषण)



आपल्या भागातील कितीतरी मुले हैदराबाद, पुणे, मुंबई येथे हॉटेलांत व खानावळीत कामाला लागतात. काहीजण इथेच केटरिंगचा धंदा करतात. अशा लोकांसाठी आता शासनमान्य प्रशिक्षण असते आणि शेवटी लहानशी परीक्षाही असते. परीक्षेतील प्रश्न दिसायला सोपे असतात. परंतु भाताविषयीचा एक प्रश्न असा आहे की त्यावर नवखे पोरगेही चुकते आणि तीस वर्षे देग उतरवणारा बावर्चीही चुकतो. आज मी मुख्यतः त्याच एका प्रश्नाबद्दल बोलणार आहे. त्याच्या अनुषंगाने आणखी दोन-तीन प्रश्न येतील.

प्रश्न असा: ‘सकाळी शिजवलेला भात दिवसभर स्वयंपाकघरात झाकून ठेवला. रात्री तो वाफा येईपर्यंत चांगला गरम केला. आता तो खाण्यास सुरक्षित आहे काय?’

बहुतेक लोक ‘होय’ असे उत्तर देतात. आपली समजूतच अशी आहे की उकळले म्हणजे शुद्ध झाले. पाण्याच्या बाबतीत ते पुष्कळसे खरे आहे. भाताच्या बाबतीत मात्र बरोबर उत्तर ‘नाही’ असे आहे. ते का, हे एकदा समजले की बाकीचे सारे नियम पाठ करावे लागत नाहीत.

तांदूळ शेतातून येतो. मातीबरोबर त्याच्या दाण्याला बॅसिलस सिरियस नावाचा एक सूक्ष्म जंतू चिकटून येतो. कितीही धुतला तरी तो पूर्ण जात नाही. प्रतिकूल काळात हा जंतू स्वतःभोवती टणक कवच तयार करतो. त्या अवस्थेला बीजाणू म्हणतात. ज्वारीचे बी जसे उन्हाळाभर कणगीत निपचित पडून राहते आणि ओल मिळताच उगवते, तसेच हे आहे. भात शिजताना इतर जंतू मरतात, हे बीजाणू मरत नाहीत. भात निवू लागला, म्हणजे ओलावा, पिष्ट आणि ऊब अशी तिन्ही एकत्र मिळाली, की ते उगवतात आणि वाढू लागतात. शिवाय आता त्यांच्याशी स्पर्धा करणारे दुसरे जंतू भातात उरलेले नसतात.

वाढीचा हिशेब विद्यार्थ्यांनी करून पाहावा. एका ग्रॅम भातात असे शंभर जंतू उगवले आणि ते दर अर्ध्या तासाला दुप्पट झाले असे समजू. पाच तासांत दहा दुपटी होतात. दहा दुपटी म्हणजे हजारपटीहून थोडे अधिक. शंभराचे एक लाख झाले. सुमारे एवढ्या संख्येपासून पुढे भात धोक्याचा समजला जातो. गंमत अशी की त्या भाताला वास येत नाही, तार सुटत नाही, चव बदलत नाही. वास येण्याच्या कितीतरी आधी तो बिघडलेला असतो. म्हणून ‘हुंगून पाहिला, चांगला होता’ हा पुरावा होत नाही.

पण मग रात्री गरम केल्यावर हे एक लाख जंतू मरणार नाहीत काय? मरतील. अडचण ती नाही. वाढत असताना या जंतूने भातात एक विष सोडलेले असते. त्याला सेरेउलाइड म्हणतात. १२१ अंश सेल्सिअसला दीड तास ठेवले तरी ते नष्ट होत नाही, असे प्रयोगांत दिसले आहे. प्रेशर कुकरच्या आत साधारण एवढीच उष्णता असते. तेव्हा तव्यावर पाच मिनिटे परतून किंवा मसाल्याची फोडणी देऊन त्या विषाचे काहीच होत नाही. चोर पकडला, पण चोरीचा माल घरातच राहिला, असा हा प्रकार आहे. असा भात खाल्ल्यावर अर्ध्या तासापासून सहा तासांच्या आत मळमळ आणि उलट्या सुरू होतात. बहुधा माणूस दिवसभरात बरा होतो. लहान मूल, म्हातारे माणूस किंवा आधीच आजारी असलेला मात्र अडचणीत येऊ शकतो. क्वचित यकृतावर परिणाम होऊन मृत्यूही झालेले आहेत.

ही गोष्ट जगाच्या लक्षात आली ती इंग्लंडमध्ये, १९७१ पासून पुढच्या काही वर्षांत. तेथील चिनी उपाहारगृहांत फ्राइड राइस खाल्लेल्या लोकांना थोड्याच वेळात उलट्या होत. चौकशीत पद्धत उघडकीस आली. भात एकदम मोठ्या प्रमाणावर शिजवून ठेवीत. फ्रिजमध्ये ठेवला तर त्याचा गोळा होतो आणि दाणा मोकळा राहत नाही, म्हणून तो बाहेरच ठेवीत. गिऱ्हाईक आले की त्यातला थोडा घेऊन कढईत झटपट परतून देत. कढईची आच मोठी होती, भात वाफाळता होता, आणि तरीही लोक आजारी पडले. दोष कढईत नव्हता. तो आधीच्या तासांत होता.

आपल्याकडे लग्नसमारंभातील सामुदायिक विषबाधा नवीन नाहीत. २२ मे २०२२ रोजी आपल्याच जिल्ह्यात, निलंगा तालुक्यातील केदारपूर येथील लग्नात जेवलेल्या तीनशेहून अधिक लोकांना पोटदुखी, मळमळ आणि जुलाब झाले. जेवणात भात, वरण, वांग्याची भाजी आणि गोड पदार्थ होते. त्या स्वयंपाकाचा निवाडा करण्यासाठी मी हे सांगत नाही. मे महिना, मांडव आणि शेकडो माणसांचा स्वयंपाक ही परिस्थिती आपल्या दारची आहे, एवढेच मला दाखवायचे आहे.

आता दुसरा प्रश्न: ‘वाढेपर्यंत गरम अन्न किती उष्णतेवर ठेवावे?’ उत्तर आहे, ६० अंश किंवा त्याहून अधिक. २००६ च्या अन्नसुरक्षा कायद्याखाली २०११ साली जे नियम झाले, त्यांतही गरम अन्नासाठी ६० आणि थंड अन्नासाठी ५ अंश ही मर्यादा आहे. ६० च्या वर जंतू वाढत नाहीत. ५ च्या खाली वाढ जवळजवळ थांबते. मधला सारा पट्टा धोक्याचा.

येथे हाताचा अंदाज फसवतो. पन्नास अंशांचे अन्न हाताला आणि जिभेला चांगले गरम लागते. वाढणारा म्हणतो, ‘अजून गरमच आहे.’ परंतु मटणाच्या रश्श्यात वाढणारा क्लॉस्ट्रिडियम परफ्रिंजन्स हा दुसरा जंतू ४३ ते ४६ अंशांत सर्वांत जोराने वाढतो. त्याची संख्या दहा-पंधरा मिनिटांत दुप्पट होते. म्हणजे आपल्याला जे कोमट आणि खाण्याजोगे वाटते, तेच त्याला मानवते. म्हणून बोटाऐवजी थर्मामीटर वापरावा. सळईसारखे टोक असलेला अन्नाचा थर्मामीटर फार महाग नसतो. तो खरा आहे की नाही हे घरीच पाहता येते. बर्फाच्या पाण्यात शून्य दाखवला पाहिजे. उकळत्या पाण्यात आपल्या या पठारावर शंभराच्या दीड-दोन अंश खाली दाखवील.

देगेत थर्मामीटर घालताना एक चूक होते. लोक मधोमध घालतात. देग निवते ती वरून आणि कडांनी. खाली निखारे असले तर तळ करपत असतो आणि वरचा थर चाळीसवर आलेला असतो. तेव्हा मधे, कडेला आणि वरच्या थरात अशी तीन ठिकाणी, दर तासाला नोंद घ्यावी. झाकण बंद ठेवून निखारे झाकणावरही ठेवण्याची आपल्या बावर्चींची जुनी रीत या कामी उत्तम आहे. रस्सा असेल तर तो अधूनमधून ढवळावा. भात ढवळला तर मोडतो. म्हणून भाताचे पातेले उकळत्या पाण्याच्या मोठ्या पातेल्यात ठेवणे बरे. आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवावी. गरम ठेवण्याची आच आणि गरम करण्याची आच या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. निवलेले अन्न मंद निखाऱ्यावर ठेवून हळूहळू तापवू नये. ते तासन्‌तास धोक्याच्या पट्ट्यातच रेंगाळते. आधी मोठ्या आचेवर पूर्ण तापवावे, मगच मंद आचेवर ठेवावे.

तिसरा प्रश्न: ‘उरलेले अन्न पुन्हा कसे व किती गरम करावे?’ सर्व भागांत ७५ अंशांपर्यंत, झटपट, आणि एकदाच. कोणी विचारील, आताच तुम्ही म्हणालात की विष आचेने जात नाही, मग हा नियम कशाला? तर दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत. मटणातला परफ्रिंजन्स अन्नात विष साठवीत नाही. तो जिवंत पोटात गेल्यावर आतड्यात विष सोडतो, आणि सहा ते चोवीस तासांनी कळा व जुलाब होतात. त्याला मारण्यासाठी नीट तापवणे आवश्यकच आहे. भाताचे तसे नाही. म्हणून असे म्हणावे की तापवण्याचा नियम नीट ठेवलेल्या अन्नासाठी आहे. नीट न ठेवलेल्या अन्नावर तो उपाय नाही.

मग नीट ठेवणे म्हणजे काय? लवकर निववणे. साठ अंशांच्या खाली आल्यापासून दोन तासांत २१ अंशांपर्यंत आणि पुढच्या चार तासांत ५ अंशांपर्यंत, असे शिकवतात. भाताच्या बाबतीत तर एका तासात निववून फ्रिजमध्ये ठेवावा, चोवीस तासांत संपवावा आणि एकदाच गरम करावा, असा अधिक कडक सल्ला आहे. देगेत झाकून ठेवलेला भात हे कधीच साधू शकत नाही, कारण थराची जाडी दुप्पट झाली की मधला भाग निवायला सुमारे चौपट वेळ लागतो. परातीत दोन बोटे जाडीचा थर पसरलात तर अर्ध्या-पाऊण तासात काम होते. दोन फूट खोल देगेचा गाभा दुसऱ्या दिवशी सकाळीही कोमट लागतो. म्हणून स्वच्छ परातींत पातळ थर पसरावा, वर स्वच्छ जाळी झाकावी, पंखा लावावा, आणि परात बर्फाच्या पाण्यावर ठेवावी. उन्हाळ्यात आपल्या घरात हवाच चाळीस अंशांची असते. हवा चाळीस असताना भात नुसत्या पंख्याने एकवीसवर येणार नाही. त्या दिवसांत बर्फ नसेल तर भात साठवण्याचा विचारच करू नये.

चौथा प्रश्न गोठवलेल्या मांसाचा आहे. बकरी ईदनंतर अनेक घरांत तो पडतो. डीप फ्रीजरमधील थंडीने जंतू मरत नाहीत, झोपतात. सकाळी गोठलेला गोळा ओट्यावर काढून ठेवला तर दुपारपर्यंत त्याचा वरचा थर खोलीइतका ऊन होतो आणि गाभ्यात बर्फ असतो. वर जंतू जागे झालेले असतात आणि आत सुरी शिरत नाही. बरोबर रीत अशी की मांस आदल्या दिवशी फ्रीजरमधून काढून फ्रिजच्या सर्वांत खालच्या फळीवर, खोलगट भांड्यात ठेवावे. खालच्या फळीवर यासाठी की सुटणारे पाणी शिजलेल्या अन्नावर गळू नये. दोन किलोच्या गोळ्याला सुमारे एक दिवस लागतो. म्हणून गोठवतानाच अर्धा-अर्धा किलोच्या चपट्या पिशव्या कराव्यात. त्या एका रात्रीत मोकळ्या होतात. घाई असेल तर पिशवीचे तोंड घट्ट बांधून ती थंड पाण्यात बुडवावी, दर अर्ध्या तासाला पाणी बदलावे आणि मांस मोकळे होताच शिजवावे. मे महिन्यात गच्चीवरील टाकीचे पाणी अंग भाजण्याइतके तापलेले असते. ते या कामाचे नाही. त्यात बर्फ घालावा लागेल. गाभ्यात बर्फ असलेला मोठा तुकडा तसाच देगेत टाकू नये. बाहेरून तो शिजलेला दिसतो, पण हाडाजवळ कच्चा राहतो.

वीज गेली तर काय, हेही विचारतात. दार उघडले नाही तर गच्च भरलेला फ्रीजर सुमारे दोन दिवस आणि अर्धा भरलेला एक दिवस थंडी धरतो. साध्या फ्रिजच्या कप्प्यात चारच तास. त्यानंतर शिजलेल्या भाताचा आणि रश्श्याचा मोह धरू नये.

आता हे सगळे एका दिवसावर लावून पाहू. एका घरी वलिमा आहे असे समजा. वीस किलो तांदळाची देग सकाळी ११ वाजता दमावरून उतरली. दीड वाजता पंगती सुरू झाल्या. तोपर्यंत झाकण बंद होते आणि निखारे होते, तेव्हा भात ६० च्या वर राहिला. दुपारी ३ ला शेवटची पंगत उठली. देगेचा तिसरा हिस्सा उरला. निखारे विझले. कोणीतरी झाकण लावले आणि सगळे थकून आडवे झाले. ५ वाजता कडेचा भात चाळीसवर आलेला आहे, गाभा पन्नासच्या आसपास. रात्री ९ वाजता घरातील वडीलधारे म्हणतात, ‘अन्न वाया घालवू नये, वसतिगृहातल्या पोरांना पाठवा.’ भात चांगला तापवून, वर ताजा रस्सा घालून पाठवला जातो. पोरे आनंदाने जेवतात. मध्यरात्री पहिल्या मुलाला उलटी होते.

या घरात वाईट हेतू कोणाचाच नव्हता. उलट नेकीचे काम करायला गेले. चूक कुठे झाली? रात्री ९ ला नव्हे. ती दुपारी ३ ला झाली. त्या क्षणी भात अजून ऊन होता आणि तीन वाटा मोकळ्या होत्या. पहिली, त्याच वेळी गरम असतानाच वसतिगृहात पाठवणे, आणि ‘तासाभरात खाऊन टाका, ठेवू नका’ असे सांगणे. दुसरी, मोठी आच लावून पुन्हा ७५ पर्यंत तापवून रात्रीपर्यंत ६० च्या वर ठेवणे. तिसरी, परातींत पसरून बर्फावर निववून फ्रिजमध्ये ठेवणे. साठ-सत्तर माणसांचा भात मावेल एवढा फ्रिज आपल्या घरात नसतो, म्हणून तिसरी वाट बहुधा बंदच. राहिल्या दोन, आणि त्यांतली पहिली सर्वांत सोपी. रात्री ९ ला मात्र एकच वाट उरते. तो भात कोणालाच द्यायचा नाही, घरच्यांनाही नाही.

एक प्रश्न बावर्ची मंडळी हमखास विचारतात: ‘मधेच देग साठच्या खाली गेलेली आढळली तर लगेच फेकायची काय?’ तसे नाही. दर तासाला नोंद घेत असाल तर ती खाली जाऊन किती वेळ झाला हे तुम्हाला ठाऊक असते. दोन तासांच्या आतली गोष्ट असेल तर मोठ्या आचेवर सगळीकडे ७५ पर्यंत तापवा आणि पुन्हा ६० च्या वर ठेवा. दोन तास उलटून गेले असतील, किंवा किती वेळ झाला हेच कोणी सांगू शकत नसेल, तर वाढू नका. आणि ताज्या देगेत कधीही जुना भात मिसळू नका. त्याने जुना भात ताजा होत नाही, ताजा मात्र जुना होतो.

आपल्यात म्हण आहे, शिळ्या कढीला ऊत. ऊत आला म्हणून कढी ताजी होत नाही, हे आपल्या वाडवडिलांनी केव्हाच सांगून ठेवले आहे. परीक्षेत हा प्रश्न आला तर पर्यायांकडे पाहण्याआधी स्वतःला विचारा, ‘हे अन्न धोक्याच्या पट्ट्यात किती तास होते?’ उत्तर त्यातच मिळेल. आणि घरी पुढच्या वेळी देग उतरली की ज्याचे हस्ताक्षर चांगले आहे अशा एका मुलाला वही, थर्मामीटर आणि घड्याळ देऊन तिच्याजवळ बसवा. उरलेले कोठे पाठवायचे हे पंगत उठण्याआधीच ठरवून ठेवा. अन्न वाया जाते ते रात्री फेकताना नव्हे, दुपारी झाकून ठेवताना.